ताटाएवढं पापलेट

आमच्या शाळेतले संगणकाचे सर दिवाळीनंतर आलेच नाहीत. त्यांना दुसरीकडे बरी नोकरी लागली. कोडिंग क्लब मात्र कागदावर सुरू झाला होता, आणि कागदावर सुरू झालेली गोष्ट बंद करायला मुख्याध्यापक तयार नव्हते. त्यांनी मला बोलावलं.

"सुमेधाबाई, क्लब तुम्ही घ्या," सदानंद सर म्हणाले.

"सर, मी चित्रकला शिकवते."

"म्हणूनच. त्यांच्या अभ्यासात फोटो आहेत, आकार आहेत, बाह्यरेषा आहेत. म्हणजे तुमचाच विषय झाला की."

माझा राग नाकावर असतो, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. पण 'बाह्यरेषा' हा शब्द त्या माणसाने नेमका काढला आणि मी अडकले. आयुष्यभर मी मुलांच्या कागदावर वाकून एकच गोष्ट सांगत आले आहे, आधी बाह्यरेषा नीट काढा, रंगाचं नंतर बघू. आता कुठलं तरी यंत्र ती रेषा फोटोतून आपोआप काढतं म्हणे. मला ते बघायचंच होतं. बघून नावं ठेवायची होती, हेही खरं.

बोळिंजला घरी बसून मी पायथन ही संगणकाची भाषा शिकले. माझा मुलगा कौस्तुभ ठाण्याला याच क्षेत्रात आहे. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, हे जुनं झालं गं. हल्ली तयार मॉडेल मिळतं, फोटो दिला की सगळं सांगतं." मी म्हटलं, मला सगळं सांगणारं नको, मला रेषा कशी सापडते ते हवंय. फोन ठेवला आणि ओपनसीव्ही नावाचं फुकट मिळणारं साहित्य संगणकावर उतरवून घेतलं. पहिल्या दिवशी फोटोच उघडेना. फाइलचं नाव चुकलं होतं, पण हे ओपनसीव्ही तसं स्पष्ट म्हणत नाही. ते गुपचूप रिकामा हात परत करतं आणि भांडण पुढच्या ओळीत निघतं. असली माणसंही मला आवडत नाहीत.

शाळेत पहिला फोटो घेतला तो आवारातल्या आंब्याचा. कडा शोधणारी कॅनी नावाची पद्धत लावली. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या रेषांची नुसती गिचमिड. पान न पान, फांदी न फांदी, भिंतीवरचे ओघळसुद्धा. मुलं हसली आणि मी चिडले. झाड काढताना कोणी पान न पान काढतं का? मग जरा शांत होऊन विचार केला. या यंत्राला झाड म्हणजे काय हे माहीतच नाही. त्याला फोटो म्हणजे आकड्यांचे चौकोन, प्रत्येक ठिपका किती उजळ आहे एवढंच. शेजारच्या दोन ठिपक्यांत उजेड एकदम बदलला की ते म्हणतं, इथे कड आहे. त्या बिचाऱ्याचं चुकलं नव्हतं. आम्ही त्याला फार काही विचारून बसलो होतो.

"बाई, मग सोपं काहीतरी घ्यायला पाहिजे," मागून कोणीतरी म्हणालं. "एकच आकार असलेलं. मासा चालेल?"

ही संजना. नववीतली, कळंबची. वडील रामनाथ होडीवर जातात, आई हंसा नालासोपाऱ्याच्या बाजारात मासे विकते. चित्रकलेच्या तासाला ही पोर इतकं खोडायची की कागद फाटायचा. रेषा तिला कधीच मनासारखी जमायची नाही, आणि मनासारखी नसलेली ठेवायची नाही म्हणून ती खोडत राहायची. मला तिचा राग यायचा आणि तीच आवडायचीही.

"मासा कशाला गं?" मी विचारलं.

"पापलेट आणि बांगडा. पापलेट रुंद, बांगडा लांब. आंधळ्यालाही हात लावून कळेल. मग याला का नाही कळणार?"

प्रश्न बरोबर होता. शिवाय जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. त्यासाठी सदानंद सरांनी दुकानातून आणलेला ज्वालामुखी कपाटात तयार ठेवला होता. दरवर्षी तोच जातो, दरवर्षी फसफसतो आणि दरवर्षी परत येतो. मी सरांना सांगितलं, या वर्षी ज्वालामुखी नाही, संजनाचा प्रकल्प जाईल. सर म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर. मी म्हटलं, माझ्याच.

दुसऱ्या दिवसापासून संजना सकाळी डब्यात मासे आणू लागली. दुपारी क्लबच्या वेळेपर्यंत ते डब्यात कोरडे होऊन बसायचे. काळ्या कार्डपेपरवर ते एकेक सुटे मांडायचे, वरून वेबकॅमने फोटो घ्यायचा आणि काम सुरू. प्रयोगशाळेला जो वास सुटला त्याबद्दल सदानंद सरांनी मला दोनदा बोलावलं. काम झाल्यावर ते मासे कोणी घरी न्यायचे यावरून शिक्षकखोलीत काय चालायचं, ते मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही.

आम्ही दोघी एकमेकींच्या बरोबरीने शिकत होतो. आधी रंगीत फोटो करडा करायचा, कारण कड शोधायला उजेड पुरतो. मग तो जरासा धूसर करायचा. हे मला पटेना. चांगला स्पष्ट फोटो मुद्दाम धूसर का करायचा? संजनाने न करता चालवून दाखवलं. बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे, कागदाचा खरबरीत पोत, सगळं रेषा होऊन पुढे आलं. धूसर केल्यावर बारीकसारीक मिटलं आणि माशाची मोठी कड राहिली. मुलांना मी सांगते ना, चित्राकडे डोळे बारीक करून बघा, तेच हे. तेव्हापासून त्या यंत्राबद्दल मला थोडा आदर वाटायला लागला.

खरी अडचण आली बांगड्याची. त्याचं पोट चंदेरी, ते काळ्या कागदावर लख्ख उठून दिसायचं. पाठ काळपट निळी, ती कागदात हरवून जायची. बाह्यरेषा पोटाकडून यायची आणि पाठीपाशी तुटायची. कॅनीला दोन मर्यादा द्याव्या लागतात, एक वरची आणि एक खालची, आणि या दोन कशाला हे मुलांच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, लग्नाच्या पंगतीचं बघा. ज्याला आमंत्रण आहे तो सरळ आत, ती वरची मर्यादा. जो अगदीच उपरा आहे तो बाहेर, ती खालची. आणि मधला, ज्याला कोणी फारसं ओळखत नाही, तो आमंत्रण असलेल्याचा हात धरून आला तर आत, एकटा आला तर बाहेर.

संजनाने पडद्यावर पाठीच्या तुटलेल्या रेषेवर बोट ठेवलं.

"म्हणजे बाई, पाठीची रेषा कमजोर आहे, पण ती पोटाच्या रेषेला चिकटलेली आहे. खालची मर्यादा अजून खाली आणली तर पोट तिला हात धरून आत आणेल."

तिने आकडा खाली आणला. पाठ उगवली. शेपटीजवळ बारीकशी फट राहिली होती. रेषा किंचित जाड करून तीही मिटवली. मग पूर्ण बंद झालेल्या बाह्यरेषा शोधायला सांगितलं, त्यातही फक्त सगळ्यात बाहेरच्या. आतले डोळे, पट्टे, कल्ले आम्हाला नको होते. अगदी इवल्या रेषा कचरा म्हणून टाकून दिल्या. उरलेल्या प्रत्येक रेषेभोवती तिरपा का होईना पण घट्ट बसणारा चौकोन, त्याची लांबी भागिले रुंदी. उत्तर दोनाहून मोठं आलं तर बांगडा, नाहीतर पापलेट.

पडद्यावर प्रत्येक माशाभोवती हिरवी रेषा आली आणि वर नाव आलं. पापलेट, पापलेट, बांगडा. संजनाने बोट पडद्याजवळ नेलं आणि ती हिरवी रेषा हवेतल्या हवेत गिरवली. एकदाही खोडायला लागलं नव्हतं. मला भरून आलं आणि मी उगाचच दुसऱ्या एका मुलीवर ओरडले.

"आय बघायला येणार आहे प्रदर्शनाला," ती मग म्हणाली. "मी सांगितलं तिला. ती म्हणते, संगणकाला काय कळतंय म्हावऱ्यातलं. तिला दाखवायचंय मला."

तिला तालुक्यातून जिल्ह्याला निवडून जायचं होतंच. पण त्याहून तिला काय हवं होतं ते मला तिथे कळलं.

प्रदर्शन विरारच्या एका शाळेच्या सभागृहात होतं. नियम असा की परीक्षकांसमोर प्रकल्प प्रत्यक्ष चालवून दाखवायचा, आधी काढलेले फोटो चालणार नाहीत. ताजे मासे हंसा थेट बाजारातून घेऊन येणार होती. ती आली तेव्हा सभागृहातल्या माना वळल्या. काष्टीचं लुगडं, अंबाड्यात अबोली, डोक्यावर टोपली. पोरीच्या शाळेच्या कामाला यायचं म्हणून ती नटून आली होती. संजना लॅपटॉपची वायर लावायला टेबलाखाली शिरली होती आणि मी सही करायला दाराशी गेले होते.

परत आले तर टेबल सजलेलं. हंसाने आमचा काळा कागद भिजेल म्हणून नीट उचलून बाजूला ठेवला होता. त्याच्या जागी तिने स्वतःची चकचकीत स्टीलची परात मांडली होती, आणि परातीत वाटा लावला होता. बाजारात बघितलाय ना तुम्ही वाटा? एकाच्या अंगावर एक, डोकी बाहेर, शेपट्या आत, सगळ्यात गुबगुबीत पापलेट वर. ती मुठीत पाणी घेऊन त्यावर शिंपडत होती. मासे असे लकाकत होते की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. एवढा देखणा वाटा मी नालासोपाऱ्यात कधी घेतला नाही.

"वा," मी म्हटलं. माझ्या डोक्यात अजून काही शिरलंच नव्हतं.

संजना टेबलाखालून बाहेर आली. तिने परात बघितली, आईकडे बघितलं. आई हसत होती. संजनाने बाजूला ठेवलेल्या काळ्या कागदाकडे हात नेला. तेवढ्यात परीक्षक येऊन उभे राहिले. दोघे होते, एक कॉलेजातले प्राध्यापक आणि एक बाई, त्या नुसत्याच लिहून घेत होत्या.

"चालवा बघू," प्राध्यापक म्हणाले.

संजनाने बटण दाबलं. पडद्यावर परातीचा फोटो आला. क्षणभराने परातीच्या काठाला धरून एक मोठी, गोल, सुरेख हिरवी रेषा आली. वर लिहिलं होतं, पापलेट. खाली लिहिलं होतं, एकूण मासे एक.

प्राध्यापक हसले. मागे जमलेली मुलंही हसली. "ताटाएवढं पापलेट," कोणीतरी म्हणालं, आणि हशा आणखी वाढला.

मला चूक लगेच दिसली. परातीचा काठ ही सगळ्यात बाहेरची रेषा. गोल आकाराची लांबी आणि रुंदी सारखीच, उत्तर एक, दोनाहून लहान, म्हणून पापलेट. आम्ही फार लहान रेषा टाकल्या होत्या, पण फार मोठी टाकायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. एक ओळ घालायची, फार मोठं असेल तर सोडून दे. मी पुढे सरकले.

"शिक्षकांनी मदत करायची नाही," लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या. माझ्या कानशिलापर्यंत राग चढला, पण नियम नियम होता.

हंसाला पडद्यावरचं वाचता येत होतं. हसू कशाचं आहे ते तिला कळलं, आणि आपल्या परातीचं आहे हेही कळलं. तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि ती एक पाऊल मागे सरली.

"कसंय," प्राध्यापक समजुतीने म्हणाले, "प्रोग्राम बरा असेल. मासे नीट मांडलेले नाहीत. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्याकडे असं काम देऊ नये, बाळ. पुढच्या वर्षी लक्षात ठेव."

ही संजनासाठी पळवाट होती. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. चूक आईची, प्रोग्राम बरा, दोन-चार गुण मिळाले असते आणि प्रकरण मिटलं असतं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला भीती वाटत होती की ती मान हलवेल.

"सर, आयने बरोबर मांडलेत," संजना म्हणाली. "वाटा असाच लावतात. माशे असेच विकतात. माझ्या प्रोग्रामला वाटा माहीत नाही. चूक माझी आहे."

सभागृहात शांतता झाली असं म्हणणार नाही. शेजारचा कोणाचा तरी ज्वालामुखी फसफसत होता. पण आमच्या टेबलापुरती हसणारी तोंडं बंद झाली.

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "काय चुकलं ते दाखवते."

प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. संजनाने एकेक पायरी वेगवेगळी उघडली. हा करडा फोटो, हा धूसर, या कडा. कडांच्या चित्रात परातीचा काठ जाड पांढरा होता, आणि आत नुसता गुंता. तिने पेन घेऊन पडद्यावर दाखवलं.

"ही काठाची रेषा बंद आहे आणि सगळ्यात बाहेर आहे. मी फक्त बाहेरच्याच रेषा मागितल्या. म्हणून प्रोग्रामने आत बघितलंच नाही."

"मग मोठी रेषा वगळ," प्राध्यापक म्हणाले. अगदी माझंच उत्तर.

"वगळली तर काहीच उरणार नाही, सर. बाहेरची तीच एक आहे. एकूण मासे शून्य येईल." तिने पेन आतल्या गुंत्यावर नेलं. "आणि आतल्या रेषा मागितल्या तरी हे बघा. इथे एका माशावर दुसरा आहे, दोघेही चंदेरी. मध्ये उजेड फारसा बदलत नाही, म्हणून कड नाही. आणि इथे कड आहे, पण ती माशाची नाही, पाण्याच्या चकाकीची आहे. मला मासा पाहिजे आणि मला पाणी मिळतंय. नुसत्या कडा शोधून वाटा मोजता येणार नाही."

मी तोंडात मारल्यासारखी उभी होते. माझं उत्तर चुकीचं होतं आणि ते माझ्या विद्यार्थिनीने, मी न बोलताच, खोडून काढलं होतं. आजवर कुठल्याही चुकीचा मला इतका आनंद झाला नव्हता.

"मग आता?" प्राध्यापकांनी विचारलं. ते आता टेबलाला टेकून बघत होते.

संजना आईकडे वळली. हे सगळ्यात अवघड होतं, कडा आणि मर्यादांपेक्षाही. "आय, माशे काळ्या कागदावर ठेवशील? सुटे सुटे. आणि पुसून, कोरडे करून."

हंसाने परातीतल्या माशांकडे बघितलं. "कोरडं?"

"हां."

"आगो, कोरडं म्हावरं लोक शिळं म्हनतील. पानी मारल्याबिगर कोन बघतंय त्याच्याकडं? आनि असं एकेक पसरून ठेवलं तं वाटतं, हिच्याकडं मालच नाय." ती हळू आवाजात बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू येत होतं. "एवढ्या मान्सांत माझी लाज काढतेस काय, संजू?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या धंद्यात ओला, भरगच्च वाटा म्हणजे इज्जत. पोर तिला ती इज्जत भर सभागृहात उतरवून ठेवायला सांगत होती.

"पाणी असलं की याला पाणीच दिसतं, आय," संजना म्हणाली. "याला तुझं म्हावरं दिसू दे."

हंसाने एकदा प्राध्यापकांकडे बघितलं, एकदा पडद्यावरच्या त्या गोल पापलेटाकडे. मग परात बाजूला सरकवली, काळा कागद पुन्हा पसरला आणि कमरेचा फडका काढला. परातीतलं वरचं पापलेट उचललं, डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसलं, काळ्या कागदावर ठेवलं आणि खालचा पाण्याचा ओघळही टिपून घेतला. दुसरं उचललं. एकेक मासा पुसताना ती परीक्षकांना ऐकवत होती, "आजचाच हाय. कल्ला बघा, लाल हाय. मंग नका म्हनू शिळं हाय." लिहून घेणाऱ्या बाईंनी खरोखरच कल्ला बघितला.

कागदावर तीन पापलेटं आणि चार बांगडे झाले. संजना बटणाकडे हात नेत होती, तेवढ्यात थांबली.

"आय, या दोन बांगड्यांच्या शेपट्या चिकटल्यात. दोघांची रेषा एक होईल आणि एकच मासा मोजला जाईल."

हंसाने बोटाने एक शेपटी बाजूला केली. दोन्ही शेपट्यांमध्ये काळा कागद दिसू लागला.

"एवढं बास?"

"बास."

बटण दाबलं. पहिल्या पापलेटाभोवती हिरवी रेषा आली, मग दुसऱ्या, तिसऱ्या, मग बांगडे. प्रत्येक पर, प्रत्येक शेपटीची खाच, त्या रेषेने सोडली नाही. वर नावं. खाली, पापलेट तीन, बांगडे चार.

हंसा पुढे आली. पडद्याच्या इतकी जवळ की तिच्या फडक्याचा वास लॅपटॉपला लागला असेल. तिने आधी पडद्यावरचे मासे मोजले, मग कागदावरचे मोजले, मग परत पडद्यावरचे. शेवटच्या बांगड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा जरा वाकडा पडलाय, तरी वळखला त्यानं."

"चौकोन तिरपा बसवलाय," संजना म्हणाली. "मासा कसाही पडू दे."

"असं होय," हंसा म्हणाली आणि मान डोलावली. बाजारात एखादीने चोख माल आणला की ती मान डोलावते, तशी. संजनाचं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मला काढता येणार नाही, आणि मी चित्रकलेची शिक्षिका आहे.

प्राध्यापकांनी आणखी प्रश्न विचारले. गुंता सुटला नाही तर? अंधार असेल तर? संजनाला जेवढं येत होतं तेवढं तिने सांगितलं आणि येत नव्हतं तिथे येत नाही म्हणाली. शेवटी त्यांनी विचारलं, "मग वाट्यातले मासे मोजायचे असतील तर काय करायचं?"

"आत्ता तरी माझ्या आयला विचारायचं," संजना म्हणाली. "ती नुसतं बघून सांगते. मला अजून तसं शिकवता आलेलं नाही याला. ते पुढचं काम."

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल लागला. जिल्ह्यासाठी निवडलेल्या प्रकल्पांत दुसरं नाव आमचं होतं. सदानंद सर कुठूनसे उगवले आणि सगळ्यांना सांगत सुटले की कोडिंग क्लब चित्रकलेकडे द्यायची कल्पना त्यांची होती. मी त्यांना बोलू दिलं. खरं तर ती त्यांचीच होती, आणि त्या दिवशी मला कोणाशी भांडायचंच नव्हतं. माझी छाती एवढी फुगली होती की भांडायला जागा नव्हती.

सामान आवरताना प्राध्यापक परत आमच्या टेबलाशी आले. संजनाचं अभिनंदन केलं. मग जरा घुटमळले.

"मावशी," ते हंसाला म्हणाले, "मघाशी मी जे बोललो ते मनावर घेऊ नका. आणि ती पापलेटं... ताजी आहेत खरोखर. द्याल का? तुम्ही सांगाल ते."

हंसा टोपलीत मासे ठेवत होती. सुटे सुटे, एकाला एक लागू न देता, मध्ये तो काळा कागद घालून. दिवसभर विकायला बसणारी बाई, गिऱ्हाईक समोर उभं, तेही सांगाल तो भाव द्यायला तयार.

"उद्या बाजारात या," ती म्हणाली. "चांगला वाटा लावून देते. ह्ये इकायचे नाय."

"का हो?"

"माझ्या पोरीनं मोजलेले हायेत," हंसा म्हणाली, आणि टोपली झाकली.